रुंदीचा मान

आमच्या हायस्कुलात रसायनशास्त्राचे प्रयोग व्हरांड्यात होत. समुद्राकडून वारा सुटला की स्पिरिटच्या दिव्याची ज्योत आडवी पडे आणि मुली दोन वह्या उभ्या धरून तिला आडोसा करीत. मुख्याध्यापिका स्वतः विज्ञान शिकवीत. त्या एकदा मला म्हणाल्या, "ज्योतीच्या भागांचे निरीक्षण करा, असे पुस्तकात आहे. आमच्याकडे ज्योतीच्या पळण्याचे निरीक्षण होते."

मी त्या वेळी संस्थेचा खजिनदार होतो. गाव पेडणे तालुक्यातले. गोवा घटकराज्य होऊन फार वर्षे लोटली नव्हती. संस्थेकडे प्रयोगशाळा बांधण्याइतका पैसा नव्हता, आणि तो येईल असा रस्ताही एकच दिसत होता. डिचोलीकडच्या एका खाणमालकांनी धर्मादाय विश्वस्तनिधी काढला होता, आणि शाळांना तो इमारतीसाठी मदत करी. आम्ही अर्ज केला. उत्तर आले की संस्थेने समक्ष येऊन पाच मिनिटांत आपली आर्थिक स्थिती सांगावी. सोबत एकच स्लाइड आणावी. पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि प्रयोगशाळेसाठी संस्था स्वतः काय काढून ठेवते, हे त्या एका स्लाइडवर दिसावे.

स्लाइड म्हणजे त्या काळी पारदर्शक कागद. तो दिव्याच्या यंत्रावर ठेवला की भिंतीवर चित्र पडे. कागद मी पाहिला होता. एका कागदावर सारी संस्था कशी मावावी, हे मला ठाऊक नव्हते. म्हणून म्हापशाला गाडी बदलून डिचोलीला गेलो.

विश्वस्तनिधीचे सचिव हे माती धुण्याच्या प्रकल्पाचे अभियंता होते. त्यांच्या खोलीत खिडकीच्या गजांपासून चहाच्या बशीपर्यंत सगळ्यावर तांबडी धूळ होती. भिंत तेवढी स्वच्छ होती, कारण तिच्यावर काच लावलेली एक आकृती होती. डावीकडून एक हातभर रुंद तपकिरी पट्टा येत होता. मध्ये तो फुटत होता. उजवीकडे त्याचे तीन पट्टे होऊन बाहेर पडत होते. ढेकळे, चुरा आणि गाळ.

"आमच्या धंद्यात हिला सँकी आकृती म्हणतात," ते म्हणाले. "जितके टन, तितकी रुंदी. पैशाची अशीच काढा."

"आमच्याकडे जमाखर्चाचा तक्ता तयार आहे," मी म्हणालो.

"तक्ता मला वाचता येतो, खजिनदार. माझ्या विश्वस्तांना डुलकी येते." त्यांनी भिंतीवर बोट टेकले. "दोनच नियम. एका चित्रात एकच माप. आणि डावीकडे जेवढे आले, तेवढेच उजवीकडे गेले पाहिजे. उरले, तर तेही कुठेतरी ठेवले असेल. कमी पडले, तर तेही कुठूनतरी आणले असेल. हवेत संपणारा पट्टा मला चालत नाही."

माणूस मला आवडला. तसे मी त्यांना सांगितले नाही.

घरी येऊन मेजावर आलेखाचा कागद पसरला, त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि रंगीत शाईची लेखणी घेतली. माप धरले: एका मिलिमीटरला पाचशे रुपये. पहिल्याच पट्टीला अडलो. सरकारचे वेतन अनुदान त्या मापाने काढले असते तर ती पट्टी जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत आली असती. कागदात बसेल असे माप धरावे, तर बाकी सारी संस्था दोऱ्याएवढी होत होती. विचार करून वेतन अनुदान चित्रातून काढले आणि तळाशी तसे स्पष्ट लिहिले: "वेतन अनुदान दाखविलेले नाही. आले तेवढे सर्व पगारात गेले." जे एका दाराने येते आणि दुसऱ्या दाराने जसेच्या तसे जाते, त्यात दाखवण्यासारखे काही नसते. ते लपवले असे मात्र वाटू नये.

उरले ते आमचे खरे. डावीकडे मुलांची फी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, अध्यक्षांच्या घराण्याची देणगी. सगळे मिळून मध्ये एका खात्यात. तिथून उजवीकडे दुरुस्ती, वीज, पुस्तके, सरस्वती पूजन आणि सर्वांत खाली प्रयोगशाळेसाठी राखून ठेवलेले. प्रयोगशाळेची पट्टी चार मिलिमीटर निघाली. सरस्वती पूजनाची दोन.

इथे पूजनाविषयी सांगायला हवे. आमच्या शाळेचे सरस्वती पूजन म्हणजे अर्धी जत्रा. संध्याकाळी पावणी होई. देवीपुढे ठेवलेला नारळ, केळीचा घड, पहिला दोडका यांचा जाहीर लिलाव. गावचे लोक बाजारात ज्या दोडक्याला हात लावणार नाहीत, तो देवीचा म्हणून शंभराला घेत आणि शेजाऱ्याने घेऊ नये म्हणून दीडशेला घेत. मग जेवण, मग दशावतार. उत्सवप्रमुख हे गावचे मोठे उत्साही गृहस्थ. पावणीचा पैसा तेच गोळा करीत, तेच खर्च करीत, आणि संस्थेच्या हिशेबात त्यातला एक पैसाही येत नसे. त्यात लबाडी नव्हती. पैसा देवीचा, त्याला खजिनदाराचे काय काम, एवढेच त्यांचे म्हणणे. संस्था मानाचे म्हणून हजार रुपये पूजनाला देई, तेवढेच हिशेबात दिसत. मी सहा वर्षे तो पैसा पुस्तकात आणा म्हणून सांगत होतो. सहा वर्षे ते मला प्रसाद देत होते.

त्या रात्री दोन मिलिमीटरच्या त्या पट्टीकडे पाहताना मला एक गोष्ट सुचली. मी काही केले नाही. पट्टी होती तशीच ठेवली. फक्त तिच्यावरची अक्षरे जरा मोठी काढली.

कार्यकारिणीच्या बैठकीत कागद खिडकीच्या, आमच्याकडच्या जनेलाच्या, काचेवर धरला, म्हणजे उजेडात चित्र दिसावे. आधी भाषेचा प्रश्न निघेल याची मला खात्री होती. त्या दिवसांत मराठी की कोंकणी यावरून सख्ख्या भावांत अबोले होते. म्हणून अक्षरे मी न पुसणाऱ्या शाईने आधीच मराठीत लिहून टाकली होती. एका सभासदाने तोंड उघडले, शाई पाहिली आणि मिटले.

अध्यक्ष हे भाटकार, म्हणजे गावचे जमीनदार. त्यांनी चष्मा लावून चित्र वरून खाली पाहिले. चित्रे अशी पाहायची नसतात, डावीकडून उजवीकडे पाहायची असतात, असे मी सांगितले. त्यांनी पुन्हा वरून खालीच पाहिले.

"आमची देणगी तिसरी आहे," ते म्हणाले.

"क्रम मानाचा नाही. पट्ट्या एकमेकींना कमीत कमी ओलांडतील असा लावला आहे."

"पालखीपुढे आमचा दिवा पहिला असतो. हे चित्र परक्या माणसांपुढे भिंतीवर पडणार. तिथे आम्ही तिसरे?"

तेवढ्यात उत्सवप्रमुखांना त्यांची पट्टी सापडली. ते काचेजवळ गेले, वाकले, मग मागे सरले.

"भाऊ, हें किदें? हो केस?"

"सरस्वती पूजन," मी म्हणालो.

"सगळो गांव पुजेक येता. तीन गांवचें लोक दशावताराक येतात. आनी कागदार केस? विजेचें बील म्हज्यापरस दाट?"

"रुंदी रुपयांची आहे. पुस्तकात पूजनाचे हजार रुपये आहेत. हजाराचे दोन मिलिमीटर."

"हजारांत दशावतारी दाढी लावंक येवचे नात!"

"मग ते कुठून येतात?"

"पावणेंतल्यान. तुका खबर ना?"

"मला खबर आहे. कागदाला नाही. डावीकडे लिहिल्याशिवाय उजवीकडे रुंद करता येत नाही. तसा नियम आहे."

मुख्याध्यापिका भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि पदराने कपाळ पुसले. त्या ओळखून होत्या.

उत्सवप्रमुख घर जवळ असल्याने चालत गेले आणि चहा येण्याआधी परत आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात पावणीच्या चिठ्ठ्या होत्या, दशावतारी मंडळीला दिलेल्या पैशांची पावती होती आणि रबराने बांधलेल्या नोटा होत्या. "बरय," ते म्हणाले, म्हणजे लिही. पावणीचे चौदा हजार. मी अठ्ठावीस मिलिमीटर मोजले आणि आलेखाच्या कागदावरच्या कच्च्या चित्रात पेन्सिलीने डावीकडे काढले. ती एकदम चित्रातली सर्वांत रुंद पट्टी झाली. उत्सवप्रमुखांनी खुर्ची पुढे ओढली.

अध्यक्षांनी ती पट्टी पाहिली. मग आपली पाहिली.

"मांडव कोण घालतो?" त्यांनी विचारले.

"तुम्ही," मी म्हणालो.

"दर वर्षी. स्वतःच्या खिशातून. ते कुठे आहे?"

"पुस्तकात नाही."

"लिहा."

तीन हजार. सहा मिलिमीटर. ते लिहिताना मी मान वर केली नाही, कारण मुख्याध्यापिका खोकत होत्या.

मग क्रमाचा तंटा. अध्यक्षांना मांडवाची पट्टी डावीकडे अगदी वर हवी होती, आणि ती जायची उजवीकडे खालून दुसऱ्या जागी असलेल्या पूजनाकडे. तशी काढून दाखवली. ती सगळ्यांच्या अंगावरून ओढलेल्या दोरीसारखी दिसली.

"ओलांडू दे," अध्यक्ष म्हणाले.

"म्हज्या पावणेच्या आंगावयल्यान?" उत्सवप्रमुख उठले. "मांडवाची वाट पावणेवयल्यान कशी? देवळांत चलता हें?"

"देवळात आमचा दिवा पुढे असतो."

"फुडें आसता. वयर न्हय."

पाव आला, भजी आली, चहा निवला. दोघे एका कागदावर पालखीची वाट ठरवीत होते. शेवटी मुख्याध्यापिका उठल्या, त्यांनी पेन्सिल मागितली आणि उजवीकडचे पूजनच उचलून सर्वांत वर नेले.

"आता मांडव वर, त्याच्याखाली पावणी, आणि पूजनही वर. दोघे सरळ जातात. कोणी कोणाला ओलांडत नाही."

दोघांनी बराच वेळ आक्षेप शोधला. मिळाला नाही.

"पण बाई," मी म्हणालो, "एक अडचण राहते."

अडचण खरीच होती. पूजनाकडे येणारे: पावणीचे अठ्ठावीस, मांडवाचे सहा, संस्थेचे दोन. छत्तीस मिलिमीटर. चिठ्ठ्यांप्रमाणे झालेला खर्च: मांडव, जेवण, दशावतार, ध्वनिक्षेपक मिळून तेरा हजार. सव्वीस. पावणीच्या पट्टीतला दहा मिलिमीटरचा तुकडा पूजनापर्यंत पोचतच नव्हता. तो कागदाच्या मधोमध हवेत संपत होता.

"हवेत संपणारा पट्टा त्यांना चालत नाही," मी सांगितले. "हे पाच हजार कुठे आहेत?"

"हांगा," उत्सवप्रमुख डबा वाजवून म्हणाले. त्यांना त्यात काही वावगे दिसत नव्हते. "फुडल्या वर्सा नवो पडदो घेवपाचो."

"मग उजवीकडे लिहितो, 'डबा'."

"भिंतीवर?" अध्यक्षांनी विचारले.

"भिंतीवर. दहा मिलिमीटर रुंद. प्रयोगशाळेच्या अडीचपट."

 मुख्याध्यापिकांच्या हातात पेन्सिल अजून होती. त्यांनी पूजनाच्या लगेच खाली प्रयोगशाळा लिहिली आणि त्या तुटक्या पट्टीचे टोक हलकेच वळवून तिथे टेकवले. रेघ इतकी पुसट होती की ती सूचना आहे की सहज ओढली गेली, हे सांगता आले नसते.

"देवी विद्येचीच आहे," त्या म्हणाल्या. "आणि लिहिताना 'सरस्वती पावणीतून' असेच लिहावे लागेल. इतर कोणाचे नाव तिथे येणार नाही."

उत्सवप्रमुखांनी चार मिलिमीटरची जुनी पट्टी पाहिली, दहाची नवी पाहिली. दोन्ही एकत्र आल्यावर चौदा होत होते आणि त्यांतली वरची, जाड, त्यांची होती.

"पडदो जुनोच बरो आसा," ते म्हणाले. "ओड गे बाय दाट."

ठराव झाला. हिशेब अजून बंद व्हायचे होते, म्हणून पावणीचे चौदा हजार रीतसर जमेस आले. सहा वर्षांचे माझे काम एका संध्याकाळी झाले. मी एक भजे खाल्ले.

डिचोलीला आम्ही चौघे गेलो. मला एकट्याला जायचे होते, पण चित्र भिंतीवर पडणार म्हटल्यावर अध्यक्ष आणि उत्सवप्रमुख घरी राहणे शक्य नव्हते. आमच्या आधी दोन संस्था झाल्या. एकीने तक्ता आणला होता, आणि एका विश्वस्तांना खरोखरच डुलकी लागली. दुसरीच्या चित्रात सर्व पैसा एका मोठ्या चौकोनात जाई आणि चौकोनातून सर्व खर्च निघत. सचिवांनी विचारले, "प्रयोगशाळेचा पैसा कोणी दिला?" संस्थेचे चिटणीस म्हणाले, "सर्वांनी." सचिव म्हणाले, "म्हणजे कोणीच नाही." आमच्याही चित्रात फीचा आणि देणग्यांचा असाच एक सामाईक चौकोन होता. पण पावणी त्यात घातली नव्हती. ती ज्या कामाला गोळा झाली, तिथे सरळ गेलेली दिसत होती, आणि उरलेली कुठे वळली तेही.

आमचा कागद यंत्रावर ठेवला. पूजनाची तांबडी पट्टी भिंतीवर तुळईसारखी आडवी पडली. विश्वस्त जागे झाले. मुख्याध्यापिकांनी पदर घट्ट धरला. ज्या शाळेत सणावर एवढे आणि विजेवर एवढेसे जाते, तिला प्रयोगशाळा कोण देईल, ही भीती त्यांनी मला बसमध्ये बोलून दाखवली होती. 

"नाटकाला एवढे?" सचिव म्हणाले.

उत्सवप्रमुख उभे राहिले. त्यांना हा सत्कार वाटला.

"दशावतार, सायबा. आनी हें फी न्हय. शाळेंतल्या भुरग्यांचो एक पयसो ताका लागूंक ना. हें आमच्या खिशांतलें."

सचिवांनी पट्टीचा माग डावीकडे बोटाने काढला. फीपासून तिथे काही येत नव्हते, एक वगळता. खालच्या चौकोनातून दोन मिलिमीटरची एक रेघ निघून, प्रयोगशाळेच्या पट्टीला ओलांडून, वर पूजनाकडे जात होती. चित्रातली एवढी एकच ओलांडणी मला टाळता आली नव्हती.

"ही कोण?"

"संस्थेने पूजनाला दिलेले हजार," मी म्हणालो.

"पूजनात पैसे उरतात. तिथून प्रयोगशाळेला येतात. आणि प्रयोगशाळेच्या डोक्यावरून संस्था पूजनाला पैसे पाठवते?"

"मानाचे आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"आमच्या प्रकल्पात धुतलेली माती पुन्हा धुवायला पाठवली, तर मी माणूस बदलतो," सचिव म्हणाले. विश्वस्त हसले. अध्यक्षही थोड्या उशिराने हसले.

मग सचिवांनी दिवा बंद केला आणि एकच प्रश्न विचारला. हे दहा मिलिमीटर या वर्षीपुरते आहेत का?

 कधी गप्प राहावे, हे खजिनदाराला कळते. उत्सवप्रमुखांनी अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्षांनी त्यांच्याकडे.

"फुडल्या वर्सा बारा," उत्सवप्रमुख म्हणाले.

"मांडवातले उरतील ते आमचेही तिथेच," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हा आमचीही पट्टी तिकडे जाईल. वरून."

मदत मंजूर झाली. अट एक: दर वर्षी अशीच एक स्लाइड पाठवायची, त्याच मापाने. परतीच्या गाडीत मुख्याध्यापिकांनी तो पारदर्शक कागद अस्नोड्यापर्यंत मांडीवर जपून धरला. मग म्हणाल्या, "बैठकीत ती अक्षरे तुम्ही मुद्दाम मोठी काढली होती."

"लेखणी जाड होती," मी म्हणालो.

प्रयोगशाळा पुढच्या शाळेच्या वर्षात उभी राहिली. छप्पर कौलांचे, मेज सिमेंटचे, जनेलांना काचा. पहिल्या दिवशी बाईंनी मला बोलावले. स्पिरिटचा दिवा लावला. बाहेर वारा होता. ज्योत सरळ उभी राहिली. एका मुलीने सवयीने वही उभी केली होती, ती तिने सावकाश खाली ठेवली. मी टोपी घालून निघालो. तिथे थांबण्यासारखे माझे काही काम नव्हते.

त्या वर्षी पूजनाच्या दुसऱ्याच दिवशी उत्सवप्रमुख सकाळी माझ्या दारात आले. हातात बिस्किटांचा डबा होता. पूजनाचे हजार रुपये आम्ही त्या वर्षी दिले नव्हते, याबद्दल ते कुरकुरतील असे मला वाटले होते. त्यांनी ते काढलेच नाही. डबा मेजावर ठेवून त्यांनी खिशातून शाळकरी मोजपट्टी काढली.

"म्हजी पट्टी काढ भाऊ, म्हज्यामुखार," ते म्हणाले. "मागीर भाटकाराची काढ. हांव दोनूय मेजतलों."